फेलोशिपचा सारांश लिहितेय, इतक्या वर्षांच्या गावातल्या कामातून एकच प्रश्न कसा काढू?

मृद्गंध_राळेगाव
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव, घाटंजी आणि केळापूर या भागात काम करते, दहा वर्षांच्या वर झाली आता. सुरुवात बचत गटांपासून केली, मग पाणलोटाच्या कामात गावबैठका घेतल्या, मध्ये शाळाबाह्य मुलांचं काम केलं, कोरोनात रेशन आणि क्वारंटाईन, त्यानंतर शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या बायकांसोबत जास्त. आता एका फेलोशिपचा फॉर्म भरतेय, एक वर्षाची आहे, स्वतःच्याच भागात राहून करायची. त्यात एक सारांश मागितलाय, 300 शब्दांच्या आत, "तुमचा क्षेत्रकामाचा अनुभव आणि त्यातून पुढे आलेली एक समस्या". मी लिहिलं पण मलाच पटत नाहीये, वाचून सांगा काय करू. पहिला परिच्छेद असा आहे:

"मी गेली अनेक वर्षे ग्रामीण व आदिवासी महिलांच्या सर्वांगीण विकासासाठी कार्यरत आहे. बचत गट, पाणलोट, शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती, नैसर्गिक शेती अशा विविध विषयांवर काम केले असून महिलांमधील जागृतीचा अभाव ही मुख्य समस्या मला जाणवते. फेलोशिपच्या माध्यमातून एकल महिलांचे सक्षमीकरण करण्याचा माझा मानस आहे."

पुढचंही असंच आहे. शब्द संपतात पण मला जे सांगायचंय ते येतच नाही त्यात.

नेहा_एमएसडब्ल्यू
ताई ही कोणती फेलोशिप आहे? नेट लागते का? मी मागच्या वर्षी एमएसडब्ल्यू केलं, जेआरएफ निघाली नाही, वयाची अट काय आहे ते सांगाल का प्लीज. आणि सिनॉप्सिस असेल तर त्यात संशोधन पद्धती, नमुना निवड, गृहीतकं असं सगळं द्यावं लागतं, माझ्याकडे फॉरमॅट आहे पाठवू का?

मृद्गंध_राळेगाव
नेहा, ही पीएचडीची नाही गं, कामाची आहे, नेट वगैरे नाही लागत. वयाचं मी तुला वेगळं कळवते. गृहीतकं नकोत त्यांना, प्रश्न हवाय.

शलाका_व
मी अशा अर्जांच्या छाननीत काही वर्षं बसलेय (ही फेलोशिप नाही, दुसरी), म्हणून जरा सरळ बोलते. तुमचा परिच्छेद वाचून मला तुमच्याबद्दल एकही गोष्ट कळली नाही. त्यात गावाचं नावसुद्धा नाही, तो गडचिरोलीच्या अर्जाला पण चालेल आणि रायगडच्या पण. "जागृतीचा अभाव" हे तर काढाच, कारण ती समस्या नाही, ते तुमचं आधीच ठरलेलं उत्तर आहे, म्हणजे शिबिरं घेणार. वाचणाऱ्याला तेच कळतं.

माझं एक विचारणं आहे. बचत गट, पाणलोट, आत्महत्याग्रस्त कुटुंबं, ही कामं वेगवेगळी होती, पण त्या सगळ्यांत एकाच ठिकाणी काम अडलं असं कुठे झालं? एखादं टेबल, एखादा कागद, एखादी सही. तुमच्या जुन्या वह्या काढा आणि जिथे जिथे "परत या" किंवा "नाही झालं" लिहिलंय तेवढंच बघा. यशोगाथा सोडून द्या तात्पुरत्या.

विक्रांत७
शलाकाताईंचं बरोबर आहे. माझ्या मते कर्जबाजारीपणा हाच विषय घ्या, यवतमाळ म्हटल्यावर निवड समितीला लगेच क्लिक होईल.

मृद्गंध_राळेगाव
शलाकाताई, काल रात्री वह्या काढून बसले. तुम्ही म्हणता तसं अडलेलंच बघितलं आणि एकच गोष्ट सारखी सारखी दिसतेय, सातबारा.

बचत गटात विधवा बाईला गटाचं अंतर्गत कर्ज मिळतं पण पीक कर्जासाठी सोसायटीत गेली की सातबारा कुणाच्या नावावर, सासऱ्याच्या, मग नाही. पाणलोटात शेततळं किंवा बांधबंदिस्ती द्यायची तर सहमती सातबाऱ्यावरच्या माणसाची, शेत ही कसते पण सही दिराची, आणि दीर म्हणतो माझ्या तुकड्यात करा. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापूस न्यायचा तर सातबाऱ्यावर कापसाचा पेरा पाहिजे, तो नाही म्हणून गावातल्या व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली द्यायचा. पीक विमा तेच. आणि आता शेतकरी ओळखपत्र काढायला सांगतात तिथेही तेच, नाव नाही तर ओळखपत्र नाही. मुलींची शाळा सुटली त्या वह्यांत सुद्धा दोन ठिकाणी असंच निघालं की आई माहेरी निघून गेली कारण शेतीतून काढलं.

एक उदाहरण देते, नाव नाही देत. नवरा गेला तेव्हा जमीन सगळी सासऱ्याच्या नावावर होती, दहा एकर, सासऱ्यानेच विकत घेतलेली. तिला दोन मुली. सासरा चांगला होता, दोन एकर तिला कसायला दिले, ती कापूस-तूर घ्यायची. काही वर्षांनी सासरा वारला. दिरांनी वारस नोंद केली, त्यात सासू, दोन दीर आणि नणंद. हिचं नाव नाही, मुलींची नावं नाहीत. हिला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या हंगामात दीर म्हणाला की हे दोन एकर आता मीच पेरतो, तेव्हा कळलं. तलाठ्याकडे गेली तर फेरफार केव्हाच मंजूर झालेला.

अशा केसेस माझ्या वह्यांत बऱ्याच आहेत हो, पण मी त्यांना कधी एकत्र बघितलं नव्हतं, प्रत्येक वेळी ती "घरगुती भांडण" म्हणून लिहिलेली.

शलाका_व
हे. हे लिहा. तुमचा सारांश इथेच आहे, पहिल्या परिच्छेदात नाही.

जुनी_चावडी
मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, मराठवाड्यात नोकरी झाली सगळी. ताईंनी दिलेलं उदाहरण फार नेमकं आहे म्हणून लिहितो, जरा मोठं होईल.

नवरा मेल्यावर बाईचं नाव लागत नाही असं सरसकट म्हणतात, पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते वेगळे धरले नाहीत तर तुमचं काम भरकटेल. पहिला प्रकार, जमीन नवऱ्याच्याच नावावर होती. तिथे वारस सरळ आहेत, बायको, मुलं-मुली आणि नवऱ्याची आई. सासू वारस आहे, सासरा नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे काम लांबतं, पैसे मागतात, चकरा होतात, पण बाईचं नाव वगळणं अवघड, कारण मयताची बायको म्हणून गावाला माहीत असते.

दुसरा प्रकार तुमच्या केसचा. आधी मुलगा मेला, मग बाप मेला. बापाच्या वारसात "आधी मयत झालेल्या मुलाची विधवा" आणि त्याची मुलं हिंदू वारसा कायद्याने पहिल्या वर्गात येतात, म्हणजे दिरांच्या बरोबरीच्या रांगेत. पण वारस सांगायला कोण येतं, तर जिवंत मुलं. ते सांगतात आम्ही दोघं भाऊ, आई, बहीण. मेलेल्या भावाचं नाव निघतच नाही. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, तसंच जातं, त्यावरून फेरफार पडतो.

तुमच्या बाईचा हिस्सा सांगतो. जमीन सासऱ्याची स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही असं धरलं तर सासू एक, दोन दीर दोन, नणंद एक आणि मेलेल्या मुलाची शाखा एक, असे पाच वाटे. दहा एकरात प्रत्येकी दोन एकर. मेलेल्या मुलाच्या शाखेचे दोन एकर ही बाई आणि तिच्या दोन मुली मिळून घेणार, तिघींचा सारखा. म्हणजे सासऱ्याने कसायला दिलेले दोन एकर आणि कायद्याचा हिस्सा, आकडा तेवढाच निघतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशोब वेगळा होतो आणि बहुतेक वेळा बाईच्या फायद्याचा होतो, पण तो वकिलाकडून करून घ्या.

विक्रांत७
काका पण हे सगळं आता सुटलंय ना? 2025 ला "जिवंत सातबारा" मोहीम झाली, 1 एप्रिलपासून राज्यभर, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावली. आमच्या गावात चावडीवाचन पण झालं. त्यामुळे फेलोशिपला हा विषय जुना वाटेल असं मला वाटतं.

जुनी_चावडी
विक्रांत, मोहीम झाली हे खरं आणि चांगली झाली, पुष्कळ मेलेल्या माणसांची नावं निघाली. पण ती काय करते ते बघा. मयताच्या जागी वारस लावते. वारस कोण हे सांगणारी माणसं तीच. उलट घाईत नोंदी होतात तेव्हा दूर माहेरी असलेली सून गळायची शक्यता वाढते. मयताचं नाव काढलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, कोणाचं लागलं ते बघावं लागतं.

विक्रांत७
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान्य.

वाशीमची_लेक
माझ्या मोठ्या बहिणीचं अगदी असंच झालं. तिने काय केलं माहितीये, दिराने बॉण्डपेपरवर सही घेतली हक्कसोड म्हणून, नोटरी करून. आम्ही सगळ्यांनी समजून चाललो की गेलं आता. नंतर एका वकिलाने सांगितलं की नोटरीचं हक्कसोड चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेलंच लागतं. पण तोवर ती दुसरं लग्न करून अकोल्याला गेली आणि सासरचे म्हणाले दुसरं लग्न केलं म्हणजे हक्क संपला. तसं असतं का खरंच?

जुनी_चावडी
नसतं. पूर्वी मयत मुलाच्या विधवेच्या बाबतीत तशी तरतूद होती, वारसा उघडायच्या आधी पुनर्विवाह केला तर. ते कलम 2005 च्या दुरुस्तीत काढून टाकलं. आणि नवऱ्याकडून एकदा मिळालेला हिस्सा तर दुसऱ्या लग्नाने जातच नाही. बहिणीचे कागद एकदा चांगल्या वकिलाला दाखवा, तारखा महत्त्वाच्या आहेत, नवरा कधी गेला, सासरा कधी गेला, लग्न कधी.

मृद्गंध_राळेगाव
काका, मग मला हे विचारायचंय की एका वर्षात मी यात नेमकं काय करू शकते? फेरफार मंजूर झाल्यावर लढायचं म्हणजे वकील, तारखा, पैसे, बाई दमते, घरचे बोलणं बंद करतात. त्या केसमध्ये आम्ही प्रांताकडे अपील केलंय, चालू आहे, पण मी वर्षभरात अशा किती अपिलांमागे पळू?

जुनी_चावडी
मी हाच मुद्दा सांगणार होतो. मंजुरीच्या आधी एक छोटी खिडकी असते. तलाठी फेरफार धरतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस काढतो, चावडीवर लावतो, 15 दिवस हरकतीला. हरकत आली तर ती नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकाऱ्याला दोन्ही बाजूंचं ऐकून निर्णय द्यावा लागतो. हरकत नसेल तर तो सरळ मंजूर करतो. त्या 15 दिवसांत एक साधा अर्ज, सोबत नवऱ्याचा मृत्यू दाखला आणि लग्नाचा किंवा रेशन कार्डाचा पुरावा, एवढ्याने मी स्वतः अशा नोंदी थांबवल्यात. वकील लागत नाही. मंजुरीनंतर तेच काम अपिलात जातं, 60 दिवसांची मुदत, उशीर झाला तर माफीचा अर्ज, नंतर वरचं अपील, आणि हक्काचाच वाद म्हटला की शेवटी दिवाणी कोर्ट.

आता हे पकडायचं कसं. महाभूमीच्या साईटवर "आपली चावडी" म्हणून आहे, तिथे जिल्हा-तालुका-गाव टाकलं की नोटीस काळातले फेरफार दिसतात, प्रकार काय, हरकतीची शेवटची तारीख काय. आठवड्यातून एकदा बघितलं तरी वारसाचा फेरफार हातातून सुटत नाही. आणि दुसरीकडे ग्रामपंचायतीची मृत्यू नोंदवही. ज्या घरात तरुण मुलगा आधी गेलाय आणि म्हातारा बाप जिवंत आहे, ती घरं तुम्हाला आजच माहीत असतील. तीच तुमची यादी.

शलाका_व
मृद्गंध, हे सोन्यासारखं आहे. आता तुमच्याकडे कोण (मयत मुलाची विधवा), कधी (सासऱ्याच्या मृत्यूनंतर वारस फेरफार पडताना), कुठे (तलाठी ते मंडळ अधिकारी) आणि किती वेळात (15 दिवस) हे सगळं आहे. निवड समितीतला माणूस जमीन महसुलातलं काही न जाणणारा असला तरी त्याला कळेल. एवढ्या अरुंद जागेवर बोट ठेवलं की तुमची आधीची दहा वर्षं आपोआप खरी वाटायला लागतात, कारण ही जागा फक्त गावात राहिलेल्या माणसालाच दिसते. महिला किसान अधिकार मंचाने, मकामने, 2018 ला आत्महत्याग्रस्त घरातल्या 505 बायकांचा अभ्यास केला होता विदर्भ-मराठवाड्यात, त्यात सुमारे 40 टक्के बायकांच्या नावावर शेती झालेलीच नव्हती. तो आकडा एका वाक्यात द्या, पण त्याखाली तुमच्या गावचा आकडा हवा.

ॲड_कोरडवाहू
उशिरा आलो. चावडीकाकांचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट सुटतेय. ताईंनी केळापूर-घाटंजी लिहिलंय, तिथे कोलाम आणि गोंड वस्ती मोठी. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, कलम 2(2) मध्ये स्पष्ट आहे, केंद्राने वेगळी अधिसूचना काढली तरच. तिथे रूढी बघावी लागते. 2025 च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्या केसमध्ये बाईच्या बाजूने निकाल दिला, मुलींना वाटा नाही अशी रूढी सिद्ध झाली नाही म्हणून समानतेचं तत्त्व लावलं. चांगला निकाल आहे, पण तो मुलीच्या वारसाबद्दल आहे, सुनेबद्दल नाही, आणि मंडळ अधिकारी तो वाचून नोंद करेल अशी अपेक्षा ठेवू नका. सारांशात "सर्व एकल महिला" असं लिहिलंत आणि तुमच्या निम्म्या गावांत कायदाच वेगळा निघाला तर मुलाखतीत अडचण होईल.

जुनी_चावडी
वकीलसाहेब, बरोबर. माझी नोकरी ज्या भागात झाली तिथे आदिवासी खातेदार कमी होते म्हणून मी त्या अंगाने बोललो नाही. प्रत्यक्षात तलाठी अशा घरांत पण बहुतेक वेळा तेच वारस धरतो जे बाकीच्यांना धरतो, पण वाद झाला की तुमचा मुद्दा उभा राहतो.

मृद्गंध_राळेगाव
माझ्याकडे कोलाम पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, बायका आहेत, काहींचं काम मी सगळ्यात जास्त मनापासून केलंय. त्यांना वगळायचं म्हणजे मला जड जातंय.

ॲड_कोरडवाहू
वगळू नका हो काम म्हणून. पण या वर्षाच्या प्रश्नात घालू नका असं माझं मत. तो वेगळा प्रश्न आहे, आधी रूढी काय आहे हे पोडावरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यायला लागेल, त्यालाच वर्ष जाईल.

शलाका_व
मी इथे वेगळं म्हणेन. एक पोड ठेवा, फक्त नोंदी घ्यायला, हरकती दाखल करायला नाही. आणि तसं स्पष्ट लिहा. मर्यादा लिहिलेला अर्ज मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

गोदाकाठ
मी परभणीकडची, स्वतः विधवा आहे आणि शेती करते. सगळं वाचलं. तुम्ही सगळे कागदाचं बोलताय ते बरोबरच आहे पण एक विचारते. बाईने 15 दिवसांत हरकत घेतली म्हणजे दिराच्या विरुद्ध अर्ज दिला. राहते त्याच वाड्यात. पाणी त्याच विहिरीचं. पोरींची लग्नं तोच लावणार. मी माझ्या वेळी हरकत नाही घेतली, मला कायदा माहीत होता तरी नाही घेतली. दुसरं म्हणजे सोसायटीचं कर्ज. नाव लागलं की कर्ज आपल्या डोक्यावर येईल ही भीती असते आणि घरचे तीच घालतात. जागृतीचा अभाव नाही हो हा. बाईने सगळा हिशोब केलेला असतो.

जुनी_चावडी
कर्जाचं सांगतो, वारसाची जबाबदारी त्याला वारसात जे मिळालं तेवढ्यापुरतीच असते, आणि बोजा जमिनीवर असतो, तो बाईचं नाव लागलं नाही तरी असतोच. पण वाड्याचं आणि विहिरीचं मला उत्तर माहीत नाही. मी खुर्चीत बसून हरकती ऐकल्या, त्यानंतर घरी काय झालं ते मला कधी कळलं नाही.

मृद्गंध_राळेगाव
गोदाकाठ ताई, तुम्ही लिहिलंत त्यावर मी दोन दिवस विचार करतेय. माझ्या भागात मी असं बघितलंय की सासरा जिवंत असतानाच बोलणं झालं तर भांडण कमी होतं. त्या दहा एकराच्या केसमध्ये सासऱ्याची इच्छा होती, त्याने दोन एकर कसायला दिलेच होते, फक्त कागदावर आलं नाही. तो असताना वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र नाहीतर निदान मृत्युपत्र झालं असतं तर दिरांनाही बोलता आलं नसतं. म्हणजे 15 दिवसांची खिडकी हा शेवटचा उपाय, त्याच्या आधी एक लांब खिडकी आहे, मुलगा गेल्यापासून बाप जाईपर्यंतची. कुठे दोन वर्षं, कुठे दहा. त्या काळात कुणी बोलतच नाही कारण सगळे आत्महत्येच्या मदतीच्या फाईलमागे असतात, तो एक लाख, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेव, प्रकरण पात्र की अपात्र. ते मिळालं की कार्यकर्ते पण निघून जातात. मी हेच करत होते, ते कामही लागतंच, पण जमिनीचं बोलणं त्याच वेळी सुरू व्हायला हवं.

खाली नवा सारांश देतेय, सगळ्यांच्या बोलण्यातून झालाय, बघा.

"यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, घाटंजी व केळापूर तालुक्यांत मी दहा वर्षांहून जास्त काळ राहून काम केले आहे. बचत गट, पाणलोट, मुलींची शाळागळती आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबे ही कामे वेगळी होती, पण विधवा शेतकरी बाईचे काम प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडले. शेत ती कसते, सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. म्हणून पीक कर्ज नाही, विमा नाही, सीसीआयला कापूस नाही, शेतकरी ओळखपत्र नाही.

यातला एक प्रकार मी निवडला आहे. मुलगा आधी वारतो, जमीन त्याच्या वडिलांच्या नावावर असते, पुढे वडील वारतात आणि वारस नोंदीत मयत मुलाची विधवा व तिची मुले वगळली जातात. कायद्याने ती पहिल्या वर्गातील वारस आहे. फेरफार मंजूर होण्यापूर्वी हरकतीसाठी 15 दिवस असतात, पण नोटीस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मंजुरीनंतर अपील व कोर्ट तिला परवडत नाही.

पंधरा गावांत मी तीन गोष्टी करणार आहे. मृत्यू नोंदवही व सातबारा ताडून अशा घरांची यादी (गावनिहाय आकडा मोजणी पूर्ण झाल्यावर जोडत आहे). सासरा हयात असलेल्या घरांत, बाईची इच्छा असेल तिथे, वाटणीपत्र किंवा मृत्युपत्रासाठी बोलणे. आणि 'आपली चावडी'वर दर आठवड्याला वारस फेरफार पाहून नाव गळल्यास ते मुदतीत बाईला कळवणे. हरकत घ्यायची की नाही हा निर्णय तिचा राहील, न घेतल्यास त्याचे कारण मी नोंदवेन. कोलाम वस्तीत वारसा रूढीने चालतो, तिथे या वर्षी फक्त एका पोडावर रूढीच्या नोंदी घेईन."

शलाका_व
पाठवा. फक्त "राहून काम केले आहे" याच्यापुढे ती दहा एकराची केस दोन वाक्यांत टाका, पाणलोटाचं वाक्य थोडं कापा म्हणजे जागा होईल. पंधरा गावं एकटीला जास्त होतील असं वाटतं, आठ लिहा. "न घेतल्यास त्याचे कारण मी नोंदवेन" हे मात्र अजिबात काढू नका, गोदाकाठ ताईंच्या प्रश्नावर आत्तापर्यंत कुणी नीट लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

ॲड_कोरडवाहू
"मृत्युपत्र" ला एक सावधगिरी. बाईच्या उपस्थितीत, तिनेच पुढाकार घेऊन केलेलं दिसलं की दीर नंतर दबावाचा आरोप करतात. दोन साक्षीदार घराबाहेरचे, डॉक्टरचा दाखला, आणि शक्य तर नोंदणी. वडिलोपार्जित जमिनीत सासरा फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच करू शकतो हेही लक्षात ठेवा.

नेहा_एमएसडब्ल्यू
ताई मी मोजणीला येऊ का? मला महाभूमीची साईट चालवता येते, सुट्टीत मी आर्णीलाच असते.

मृद्गंध_राळेगाव
ये गं नक्की. मृत्यू नोंदवह्या ग्रामसेवकाकडे बसून बघाव्या लागतील, दोघी असलो तर एक वाचेल एक लिहील. शलाकाताई, आठ गावं केली. वकीलसाहेब, साक्षीदाराचं लिहून घेतलं.

गोदाकाठ
मृद्गंध, कारणं लिहून घेशील तेव्हा एक कर. एकदाच विचारून थांबू नको. मी हरकत घेतली नाही तेव्हाचं माझं कारण वेगळं होतं आणि पोरीचं लग्न झाल्यावर ते बदललं. आता मला नाव हवंय, आणि फेरफार मंजूर होऊन सहा वर्षं झालीत. चावडीकाका, इतक्या उशिराने काही होतं का?

जुनी_चावडी
होतं, पण सोपं नाही. नोटीस तुम्हाला बजावलीच नव्हती हे दाखवता आलं तर प्रांताकडे उशीर माफीचा अर्ज टाकता येतो. आधी तो फेरफार आणि नोटीसची पोच यांच्या नकला काढा, तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. पोचेवर तुमची सही किंवा अंगठा आहे का तेवढं बघून मला इथेच कळवा.

गोदाकाठ
सोमवारी जाते.